मोटरसाठी रिले की एसएसआर: तिसऱ्या डब्याची नोंद

विहिरीवरच्या मोटरचा कंट्रोलर मी आता तिसऱ्यांदा बांधला. पहिल्या डब्यात बाजारात सगळीकडे मिळतो तो निळा रिले होता, दुसऱ्यात एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, इलेक्ट्रॉनिक स्विच. तिसऱ्यात पुन्हा रिलेच आहे, पण वेगळा.

आधी मांडणी सांगतो. गाव वर्धा जिल्ह्यातलं. अंगणातल्या विहिरीवर एक एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर, स्लॅबवर हजार लिटरची टाकी, आणि टिनाच्या पडवीत लटकवलेल्या डब्यात रिलेला हुकूम देणारा वायफायचा छोटा ईएसपी बोर्ड. क्लॅम्प मीटरवर चालू मोटर ६.४ अँपिअर दाखवते. सुरू होतानाचा झटका मात्र ३४ अँपिअरपर्यंत जातो. लाईन २३० व्होल्टची असली तर हा झटका अर्ध्या सेकंदात सरतो. संध्याकाळी गावभर मोटरी लागल्या की व्होल्टेज १८० वर येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे १८० ला सुरुवातीचा जोर साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. मग मोटर दोन-तीन सेकंद नुसती गुरगुरते, आणि तेवढा वेळ मोठा करंट वाहतच राहतो.

निळ्या रिलेवर SRD-05VDC-SL-C आणि खाली १० अँपिअर छापलेलं असतं. ६.४ म्हणजे दहाच्या आत, असा माझा हिशेब होता. पण ते १० हीटरसारख्या लोडसाठी आहेत, मोटरसाठी नाहीत. रिले लागताना त्याची पत्ती दोन-चारदा उसळते, आणि नेमक्या त्याच वेळी ३४ अँपिअर वाहत असतात. दर वेळी छोटी ठिणगी पडून धातू थोडा वितळतो. असे रिले साधारण एक लाख वेळा चालू-बंद होतील, असं त्यांच्या कागदावर असतं. माझी मोटर दिवसाला चारदा लागते. त्या हिशेबाने तो माझ्या नातवापर्यंत पुरायला हवा होता. चार महिन्यांत, पाचशेही वेळा न लागता तो चिकटला. दुपारी आई ओरडली, “काहून रे, टाकी वाहून राह्यली, अन् तुझं यंत्र काय करून राह्यलं?” ॲपवर मोटर बंद दिसत होती. डब्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली आणि मोटर थांबली. रिले चिकटल्याची ही पक्की खूण. एमसीबी पाडून, वायरी सोडून मीटर लावला तेव्हा कॉइलला सप्लाय नसतानाही कॉमन आणि एनओ या रिलेच्या दोन टोकांमध्ये मधूनमधून बीप येत होता.

मग SSR-40DA घेतला. आत हलणारं काहीच नाही, म्हणून चिकटायचंही काही नाही, असं वाटलं. सुरुवातीला खूशही होतो. जुना रिले मोटर बंद करताना कधीकधी ईएसपीलाच रीसेट करायचा, कारण तुटणाऱ्या करंटची ठिणगी सगळ्या वायरिंगमध्ये गोंगाट करते. एसएसआर करंट शून्यावर आल्यावरच तोडतो. तो रीसेट पूर्ण गेला, हे त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण मे आला. चालू एसएसआरवर साधारण १.३ व्होल्ट पडतात. ६.४ × १.३ म्हणजे जवळपास ८ वॉट, मोटर चालेपर्यंत सतत. बाहेर ४५ अंश, टिनाखालच्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात त्याहून जास्त, आणि हीटसिंकही माझं छोटं. पस्तीस मिनिटांनी सिंकवर थर्मामीटर लावला तर ८४. हीटसिंक डब्याबाहेर काढलं, थर्मल पेस्ट नव्याने लावली, तेव्हा कुठे ते सत्तरच्या खाली आलं. चाळीसचा एसएसआर घेतला म्हणून चाळीस अँपिअर मिळत नाहीत. जेवढी उष्णता बाहेर निघेल तेवढेच मिळतात.

याच काळात आमचे वायरमन काका फसले. मोटर बंद, तिची वायर सोडलेली, तरी एसएसआरच्या पुढे टेस्टर पेटत होता आणि मीटर दोनशेच्या वर दाखवत होता. बंद एसएसआरमधून काही मिलिअँपिअर झिरपतात. लोड नसताना मीटरला ते पूर्ण व्होल्टेजच वाटतं. बल्बचा टेस्ट लॅम्प लावला की आकडा कोसळतो. पण म्हणून तिथे हात घालायचा नाही. एसएसआर म्हणजे स्विच पाडलेला नव्हे, कामाआधी एमसीबीच पाडायची.

रोहिणीत पहिलं वादळ आलं, विजा कडाडल्या, आणि लाईन परत आली तेव्हा मोटर आपोआप चालू. एसएसआरचा लाल एलईडी विझलेला, तरी मोटर सुरू, म्हणजे आतला स्विच शॉर्ट. मीटरवर आउटपुटला चार ओहम आले, चांगल्या एसएसआरला मेगाओहम यायला हवेत. टिचकी मारून हा सुटत नाही. मी पुढे सर्ज खाणारा एमओव्ही लावला नव्हता, ही चूक माझीच.

तेव्हा लक्षात आलं की दोघेही मरताना चालूच राहून मरतात. एसएसआरची खरी ताकद मिनिटाला दहादा चालू-बंद करण्यात आहे, हीटरच्या तापमानासाठी वगैरे. दिवसाला चार स्टार्टसाठी ती माझ्या कामाची नाही, आणि ८ वॉट मात्र रोजचे. कॉन्टॅक्टरचाही विचार केला, मोटरसाठीच बनवलेली वस्तू. पण २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण १९५ च्या वर लाईन लागते. १८० ला तो कडकड करत बसेल आणि स्वतःचेच कॉन्टॅक्ट जाळेल. पाच व्होल्टच्या कॉइलला लाईनशी देणंघेणं नाही, कारण मोबाइलच्या चार्जरसारखा ॲडाप्टर १८० व्होल्टवरही आरामात पाच व्होल्ट देतो.

म्हणून आता ३० अँपिअरचे दोन रिले सीरिजमध्ये आहेत. घेताना कागदावर मोटरचं एचपी रेटिंग शोधलं, फक्त अँपिअर नाही. एकाची कॉइल दोनशेच्या जवळ मिलिअँपिअर खाते, तेव्हा ॲडाप्टर दोन अँपिअरचा. मोटरच्या टर्मिनलवर एमओव्ही आणि ठिणगीचा गोंगाट शमवणारा आरसी स्नबर लावला, रीसेट परत आला नाही. दुसऱ्या रिलेची युक्ती अशी की तो आधी लागतो आणि शेवटी सुटतो, त्यामुळे सुरुवातीचा झटका त्याच्या वाट्याला येतच नाही. पहिला चिकटलाच तर तो चालत्या मोटरचे ६.४ अँपिअर तोडतो.

```
void pumpOff() {
  digitalWrite(R1, LOW);
  delay(1000);
  if (amps() > 1.0) fault = true;
  digitalWrite(R2, LOW);
}
```

`amps()` करंट ट्रान्सफॉर्मरवरून वाचतं. `fault` लागला की मी डबा उघडेपर्यंत मोटर पुन्हा लागत नाही, नाहीतर पुढचा झटका थेट दुसऱ्या रिलेवर येईल. लाईन आल्यावर तीन मिनिटं थांबायचं आणि १९० च्या खाली स्टार्ट घ्यायचाच नाही, हेही कोडमध्ये टाकलं.

त्यावर बाबांची तक्रार आहे. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोटरी गुरगुरत का होईना लागतात, आपली लागत नाही. त्यांच्या हट्टापायी दोन्ही रिलेंना वळसा घालणारा हाताचा स्विच बसवला. मोटर चालू राहण्याची ही तिसरी वाट झाली, म्हणून त्या स्विचवर लाल दिवा लावला, आणि तो आईला चुलीपाशी बसूनही दिसेल असा.