सरासरी काही हलेना

खानापुरातल्या एका खासगी दवाखान्याचं नंबर लावायचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. वयस्कांना आधी आत घ्यायचं डॉक्टरांच्या मनात होतं. त्यानं सरासरी थांबणं कमी होईल, अशी त्यांची अटकळ. आधी कॉम्प्युटरवर रांग चालवून बघू म्हटलं आणि दुपारी ओपीडी रिकामी असताना लॅपटॉप घेऊन बसलो.

आकडे कंपाउंडर मामांच्या अंदाजाचे. तासाला 9 पेशंट, कधीही टपकणारे. निम्म्यांचं काम 2 मिनिटांचं, म्हणजे ड्रेसिंग किंवा रिपोर्ट दाखवणं. बाकीच्यांना 10 मिनिटं. म्हणजे तासातली 54 मिनिटं डॉक्टर गुंतलेलेच. रांग प्रायॉरिटी क्यूमध्ये ठेवली:

```python
heapq.heappush(q, (rank, seq, patient))
```

`rank` नियमाप्रमाणे बदलतो, `seq` हा आल्याचा क्रम. तो नसेल तर एकाच `rank`मधला मागाहून आलेला पुढे घुसू शकतो, आणि अशा बाबतीत गावातली माणसं कॉम्प्युटरचंही ऐकत नाहीत. प्रत्येक नियमाला तेच पेशंट, त्याच वेळा दिल्या. नाहीतर फरक नियमाचा की नशिबाचा, हे कळत नाही.

आल्या क्रमानं घेतलं तर सरासरी थांबणं साधारण 39 मिनिटं. पाचातला एक वयस्क धरून त्यांना पुढे घेतलं, तर त्यांना 5 मिनिटं, बाकीच्यांना 48 आणि एकूण सरासरी पुन्हा 39!

"प्रोग्रॅम चुकलाय की हो सर," मामा म्हणाले.

चुकला नव्हता. वयस्कांनाही आत तेवढाच वेळ लागत असेल, तर डॉक्टरांचं काम तसूभरही घटत नाही. एकाची वाचलेली मिनिटं दुसऱ्याच्या डोक्यावर जातात, एवढंच.

मग 2 मिनिटांवाल्यांना आधी घेतलं. त्यांना 5 मिनिटं, 10 वाल्यांना 46, सरासरी 25. डॉक्टर खूश. (दवाखाना कधी बंदच होत नाही असं धरून काढलेले हे आकडे. संध्याकाळी रिकाम्या रांगेनं सुरुवात होते, तेव्हा प्रत्यक्षात ते कमी भरतील.)

"पण सगळेच म्हणणार, नुसता रिपोर्ट दाखवायचाय," मामा म्हणाले. "आत गेल्यावर मग गुडघा, शुगर, सुनेचं डोकं, सगळं निघतंय."

मुद्दा बिनतोड होता. 10 मिनिटांवाल्यांपैकी निम्मे खोटं सांगतात असं धरून रांग पुन्हा चालवली. सरासरी फक्त 27 वर गेली, तिच्यावरून काही बिघडलंय असं वाटलंही नसतं. गटवार बघितलं तेव्हा उलगडा झाला: ज्यांनी खरं सांगितलं, ते 82 मिनिटं बसून होते.

डॉक्टरांनी तो नियम तिथंच सोडला. वयस्कांचा ठेवला, आणि पाटीवर बाकीच्यांना थोडं जास्त थांबावं लागेल, हेही लिहायला सांगितलं.