‘बिगर’ तसंच ठेवलं

“ताई, लोकांच्या निरोपाच्या भाषणात नुसतं शुद्धलेखन आणि क्रियापदं बघायची, वाक्य बदलायचं नाही, हे तुम्हाला जमतं कसं? हात शिवशिवत नाही?”

शिवशिवतो की. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, लाल पेन हातात आलं की वाक्यच्या वाक्य उचलून दुसरीकडे ठेवावंसं वाटतं. पण निरोपाचं भाषण म्हणजे छापायचा लेख नव्हे. माणूस ते तोंडाने बोलणार असतो, आणि बहुतेक वेळा माझ्याकडे येईपर्यंत त्याचं ते अर्धं पाठ झालेलं असतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे अशी भाषणं जास्त येतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लावली, ते सरकारी नोकरीतले बहुतेकजण अठ्ठावन्न पुरे होताच ३१ मे रोजी निवृत्त होतात. गेल्या वर्षी २९ तारखेला रात्री एका सरकारी कार्यालयातल्या कारकुनाने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. लेखा शाखेतल्या मॅडम निवृत्त होणार होत्या. सोबत निरोप होता, “ताई, माझी भाषा तीच राहू द्या.”

मी पान दोनदा वाचते. पहिल्यांदा मोठ्याने, कारण सभागृहात ऐकू येतात त्या क्रियापदाच्या चुका. ह्रस्व-दीर्घ कुणाला ऐकू येत नाही. पहिलंच वाक्य होतं, ‘मॅडम, आज तुम्ही सेवानिवृत्त होत आहे.’ इथे ‘होत आहात’ हवं. याच माणसाने पुढे ‘मॅडम या शाखेचा कणा आहेत’ असं बरोबर लिहिलं होतं. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. ‘मी निवृत्त होत आहे’ हे अर्जातलं वाक्य हातात बसलेलं, तेच उतरलं. भाषणभर तो कधी मॅडमकडे वळून ‘तुम्ही’ म्हणत होता, कधी लोकांकडे बघून ‘मॅडम’. संपादक असते तर एक काहीतरी ठरवायला लावलं असतं. पण माइकपुढचा माणूस मान वळवतोच. प्रत्येक वाक्यात क्रियापद त्या-त्या कर्त्याशी जुळलं की माझं काम झालं. ‘मॅडमने’ असं दोन ठिकाणी होतं, तिथे ‘मॅडमनी’ केलं. त्या एका मात्रेने आदर जातो.

मग हे वाक्य आलं: ‘नव्या मुलींना त्यांनी टेबलावर तयार केल्या.’ भूतकाळात कर्त्याला ‘नी’ लागला की क्रियापद कर्माकडे बघतं: मुली तयार केल्या, मुलगे तयार केले. पण कर्मालाही ‘ना’ लागला, की क्रियापदाला बघायला कुणी उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं: मुलींना तयार केलं. म्हणजे दुरुस्तीच्या दोन वाटा. ‘ना’ काढून ‘नव्या मुली तयार केल्या’ करायचं, नाहीतर ‘ना’ ठेवून ‘केलं’ करायचं. मी दुसरी धरली. पहिलीने मुलींचं रोपवाटिकेतल्या रोपांसारखं झालं असतं, आणि मला परवानगी फक्त क्रियापदाला हात लावायची होती.

त्याच्याच पुढे ‘अनेक कारकुनांना त्यांनी घडवले’ असं होतं. हे चुकीचं वाटतं, आणि अनेकजण त्याचं ‘घडविले’ करतात, जणू त्याने काही फरक पडतो. ते बरोबरच आहे. कारकून अनेक म्हणून ते ‘घडवले’ झालेलं नाही. ते ‘घडवलं’चंच लेखी रूप आहे. सोडून दिलं.

‘मी कॅशबुक लिहिणं त्यांच्याकडूनच शिकलं.’ इथे बिचाऱ्याने नियम पाळला होता. ‘मी पत्र लिहिलं’ तसं ‘लिहिणं शिकलं’. पण शिकणे, बोलणे, विसरणे ही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्याच्याच मागे जातात. ‘मी शिकलो.’ एक अक्षर बदललं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो या वाक्यावर: ‘आमच्या चुका तुम्ही पोटात घातलं, पण कॅशबुकात राहू दिलं नाही.’ वाक्य इतकं झकास, की त्याला धक्का लागेल या भीतीने मी चहा करून आले. कर्म ‘चुका’, त्याला कसलाही प्रत्यय नाही, म्हणून ‘घातल्या’ आणि ‘राहू दिल्या नाहीत’. आता प्रश्न उरला शेवटच्या ‘त’चा. ‘तुम्ही घातल्या’ असंही लोक बोलतात, ‘तुम्ही घातल्यात’ असंही. दुसऱ्यात क्रियापद एकाच वेळी दोघांना सांभाळतं: ‘ल्या’ चुकांसाठी, ‘त’ तुमच्यासाठी. मला दुसरं आवडतं, पण माझ्या आवडीला इथे कोण विचारतो? मी त्याच्याच पानात शोधलं. खाली ‘तुम्ही मला सांभाळलंत’ असं होतं. म्हणजे हा ‘त’ लावणारा माणूस. मग ‘घातल्यात’ केलं. खाली ‘सांभाळलं’ असतं, तर ‘घातल्या’वर थांबले असते.

मॅडमच्या ड्रॉवरात ‘सुई-दोरा आणि खडीसाखर असायची’ हे वाचून पेन पुढे गेलं आणि मागे आलं. वस्तू वेगवेगळ्या लिंगांच्या असल्या की मराठीत क्रियापद जवळच्या नामाशी जुळवलं तरी चालतं. ‘असायची’ खडीसाखरेचं आहे. राहू दिलं.

दुसरं वाचन डोळ्यांनी, शब्द सुटा-सुटा. हे ऐकू येत नसलं तरी भाषणाचा कागद पुढे साडी-नारळाबरोबर मॅडमच्या घरी जातो, कधी लॅमिनेटही होतो. इथे ठरलेले शब्दच चुकतात. ‘आर्शिवाद’चं ‘आशीर्वाद’, ‘उज्वल’चं ‘उज्ज्वल’. ‘व्यक्तिमत्व’ला आणखी एक त लागतो, व्यक्तिमत् अधिक त्व, म्हणून व्यक्तिमत्त्व. त्याच घाईत याने ‘कर्तृत्त्व’ लिहिलं होतं. तिथे कर्तृ अधिक त्व, त एकच. आणि ‘निवृत्तीवेतन’. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ, म्हणून ‘निवृत्ती’, ‘निवृत्तीनंतर’. पण तो संस्कृत शब्द समासात पुढे आला की मूळचा ह्रस्व परत येतो, म्हणून ‘निवृत्तिवेतन’. एकाच परिच्छेदात दोन्ही, दोन्ही बरोबर. ‘एकसारखं करा’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

आणि शेवटची ओळ: ‘तुमच्याबिगर हे टेबल सुनं वाटणार.’

पूर्वी एकाच्या भाषणात मी असंच ‘बिगर’ काढून ‘विना’ घातलं होतं. कार्यक्रमाला मी मागच्या खुर्चीवर होते. गडी छान बोलत होता, त्या शब्दापाशी आला, कागदाकडे बघितलं, थांबला, ‘तुमच्या... तुमच्या...’ आणि ‘धन्यवाद’ म्हणून बसला. रडू आलं असं सगळ्यांना वाटलं, टाळ्या पडल्या. खरं कारण मला तेवढं माहीत होतं. तेव्हापासून स्वच्छ प्रत मी देत नाही. चुकीचा शब्द, त्यापुढे बरोबर शब्द, अशा ओळी लिहून पाठवते, म्हणजे काय बदललं ते त्याला दिसतं.

या पानावर अकरा ओळी झाल्या. पाठवल्या. दहा मिनिटांत फोन आला.

“ताई, ते बिगर राहिलंय वाटतं.”

“राहिलं नाही,” म्हटलं, “ठेवलंय.”