दंडावरचा सेन्सर आणि मध्यरात्रीचा अलार्म

तुम्ही विचारलंत: "साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर रात्री ५८ दाखवून अलार्म वाजवतो, बोट टोचून बघते तर साखर १०९. सेन्सर बिघडलाय का? काढून टाकू?"

लगेच काढू नका. आधी एक सांगा, अलार्म वाजला तेव्हा तुम्ही कोणत्या कुशीवर होतात? सेन्सर असलेल्या दंडावर झोपला असाल, तर दाबामुळे आकडा खोटा कमी दिसतो, त्याला 'कॉम्प्रेशन लो' म्हणतात आणि सेन्सर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

सेन्सरची बारीक तार रक्तात नसते. ती कातडीखाली काही मिलिमीटरवर, पेशींभोवतीच्या द्रवात असते. त्या द्रवात साखर येते ती आसपासच्या केशवाहिन्यांतून. शरीराचं वजन दंडावर पडलं की त्या वाहिन्या दबतात आणि ताजी साखर येणं मंदावतं, पण पेशी तिथली साखर वापरतच राहतात. त्यामुळे त्या चिमूटभर जागेतली साखर खरोखर कमी होते. तार मोजते ते त्या जागेपुरतं बरोबर असतं, बाकी शरीराबद्दल मात्र चुकीचं.

तुमच्यासारखीच एक रात्र घेऊ. २ वाजता ११२, २.१० ला ८४, २.१५ ला ५८. जेवणाचं इन्सुलिन साडेआठला घेतलेलं, म्हणजे त्याचा जोर एव्हाना ओसरलेला. दिवसरात्र संथपणे चालणाऱ्या नुसत्या बेसल इन्सुलिनवर इतकी सरळसोट घसरण सहसा होत नाही. बोटाची साखर १०९. कूस बदलली, काहीही खाल्लं नाही, आणि वीसेक मिनिटांत आकडा पुन्हा शंभरावर. आलेखात उभा कडा, खाली छोटा खड्डा आणि तितकाच उभा चढ दिसतो. साखर न खाता आलेला हा चढ कॉम्प्रेशनची सगळ्यात पक्की खूण.

पण ही खूण दिसते नंतर, अलार्म वाजताना नाही. म्हणून बोट टोचणं टाळू नका. संध्याकाळी जोरदार व्यायाम झाला असेल, मद्य घेतलं असेल किंवा इन्सुलिन उशिरा घेतलं असेल, तर खरी हायपो, म्हणजे साखर धोकादायक कमी होणं, अगदी याच वेळी येते. आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात घाम, थरथर ही लक्षणं जाणवतीलच असं नाही. टोचण्याआधी हात धुवा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर मीटर जास्त दाखवेल आणि खरी हायपो तुम्ही खोटी समजाल. मीटर हाताशी नसेल किंवा लक्षणं असतील, तर वाद न घालता १५ ग्रॅम साखर घ्या. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. खोट्या हायपोवर खाल्लेल्या साखरेने सकाळी आकडा चढलेला दिसेल, तो उतरवता येतो.

आपोआप चालणारा इन्सुलिन पंप असेल तर अजून एक गोष्ट. तो खोट्या आकड्यावरही इन्सुलिन थांबवतो. पहाटेची साखर विनाकारण वर दिसली तर आधी रात्रीच्या आलेखात असा खड्डा आहे का ते बघा.

उपाय मुख्यतः जागेत आहे. सेन्सर लावण्याआधी नेहमीसारखे कुशीवर पडा आणि दुसऱ्या हाताने चाचपा, दंडाचा कोणता भाग गादीला टेकतो? दंडाच्या मागच्या बाजूलाच, पण त्या भागापासून सरकून, जिथे चिमटीत थोडी चरबी येते अशी जागा निवडा. स्नायूवर किंवा हाडाजवळ नको.

नव्या सेन्सरच्या पहिल्या रात्री मात्र संशयित दोन असतात, दाब आणि नवेपणा. वॉर्म-अप, म्हणजे लावल्यावर सेन्सर सुरू व्हायला लागणारा वेळ, मॉडेलप्रमाणे अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत संपतो, पण तार टोचल्याने आलेली सूज लगेच उतरत नाही, म्हणून पहिल्या दिवशी आकडे भरकटतात. कूस बदलूनही आकडा वर येत नसेल तर दाबाला दोष देऊ नका. मी नवा सेन्सर सकाळी लावते, म्हणजे हे तास जागेपणी जातात. दुसऱ्या दिवशीही, उभं असताना, बोटापेक्षा सतत बराच कमी दाखवत असेल तर तो सेन्सर खरंच बदलून मागा.

कातडीचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो, कारण पुरळ आलं की माणसं जागा बदलत बदलत नेमकी टेकणाऱ्या बाजूला येतात. नुसती जळजळ असेल तर ती सेन्सर काढल्यावर लवकर निवळते. स्पिरिट पूर्ण वाळू देणं आणि चिकटपट्टी तेल लावून हळू सोडवणं, एवढ्याने बराच फरक पडतो. पण दर सेन्सरगणिक खाज लवकर सुरू होत असेल, पाणी भरलेले फोड येत असतील, तर ती ॲलर्जी समजा. काही सेन्सरांच्या गोंदात आयसोबॉर्निल अक्रिलेट नावाचं द्रव्य सापडलं आहे, त्याने असं होतं. मग जागा बदलून उपयोग नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या आणि ते द्रव्य नसलेला सेन्सर कोणता, ते त्यांनाच विचारा.