एका वाक्याची कविता: ‘हसली’पर्यंतचा खर्डा

अंधेरी ते माहीमच्या स्लो लोकलवरची कविता आता या टप्प्यावर आहे:

अंधेरीला धक्क्यासरशी आत शिरून,
पर्स पोटाशी ओढून,
कुणाच्या तरी काखेखालून कडीपर्यंत हात नेत,
पार्ले, सांताक्रूझ नुसत्या कानांनी मोजत,
बाजूचीचं कोपर बरगडीत रुतलेलं असताना,
वांद्र्याला आणखी दहाजणी चढल्यावर
श्वास अर्धाच घेऊन थांबलेली ती
खाडीवर
वारा लागताच
हसली.

पहिला खर्डा ‘आणि’वर चालत होता: ती शिरली आणि तिने पर्स ओढली आणि हात वर नेला. वाक्य लांबलचक, पण दम लागतच नव्हता, कारण प्रत्येक ‘ली’, ‘ला’पाशी क्रियापद पुरं होतं आणि वाचणारा तिथेच सुस्कारा टाकून मोकळा होतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही आपली मोठी सोय. ते रोखून धरलं की वाक्य आपोआप ताणतं. ज्ञानेश्वरांच्या दृष्टांतमाला अशाच ताणतात. एकामागून एक ‘जैसें’ येत राहतात आणि कान ‘तैसें’ची वाट बघतो.

म्हणून सगळीकडे ‘ऊन’ लावून पाहिलं. त्यात दोन अडचणी आल्या. ओळीने पाच-सहा ‘ऊन’ आले की कविता कांदा चिरून, फोडणी घालून अशी पाककृतीसारखी वाजते. दुसरी अडचण व्याकरणाची. ‘ऊन’चा कर्ता आणि शेवटच्या क्रियापदाचा कर्ता सहसा एकच लागतो. ‘कोपर बरगडीत रुतून ती हसली’ म्हटलं की वाक्याचा सांधाच निखळतो. कर्ता बदलला तिथे ‘असताना’ आणि ‘चढल्यावर’ घेतलं.

यातून एक क्रम हाती लागला, तो मला फार मोलाचा वाटतो. आधी ‘ऊन’, म्हणजे उरकलेल्या हालचाली. मग ‘त’, म्हणजे चालूच असलेली धडपड. शेवटी ‘थांबलेली’, जिथे हालचालच उरत नाही. गर्दी वाढत जाते तशी क्रियापदांची हालचाल कमी होत जाते आणि ताण शब्दांत न सांगताही चढतो. ‘ती’सुद्धा तिथपर्यंत राखून ठेवली आहे.

चौथी ओळ आधी ‘पार्ले गेलं, सांताक्रूझ गेलं हे ओळखत’ अशी होती. मोठ्याने वाचताना दोन्ही ‘गेलं’पाशी आवाज खाली येत होता. गळती शोधायची माझी खूण हीच: शेवटच्या शब्दाआधी आवाज कुठेही उतरला, तर तिथे पुरं क्रियापद दडलेलं असतं.

शेवटी ‘मोकळी झाली’ही लिहून पाहिलं. त्यात सुटका नुसती सांगितली जाते, घडत नाही. ‘हसली’ला तीनच अक्षरं आणि तोंड उघडं राहतं, म्हणून ते ठेवलं. आता ‘खाडीवर’ आणि ‘वारा लागताच’ एका ओळीत घेऊन बघणार आहे. दोन्हीकडे थांबल्यामुळे ‘हसली’आधीच थोडा दम सुटतो, अशी शंका आहे.