मंद आचेवर, ढवळत असतानाही दूध लागलं

आमचं नाशिकला पंचवटीत छोटं किचन आहे, श्राद्धाचा स्वयंपाक करून देतो. पितृपक्षात रोज खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी आणि दोन-तीन भाज्या, आणि सर्वपित्री अमावस्येला तर विचारूच नका. त्या दिवशीची ही गोष्ट आहे आणि अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

खिरीचं काम बाहेरच्यांना फार सोपं वाटतं. दूध आटवायचं, तांदूळ घालायचे, साखर घालायची, झालं. पण वीस लिटर दूध असलं की पहिले दोन तास नुसते आटवण्यातच जातात. उकळी येईपर्यंत मोठी आच चालते, तरी ढवळावं लागतंच, पण एकदा उकळी आली की आच खाली आणायची, इतकी की मधोमध बारीक बुडबुडे येत राहतील आणि कडेचं दूध जवळजवळ शांत. लोक म्हणतात मोठ्या आचेवर लवकर होईल की. वाफ जास्त निघते हे खरं, पण उकळतं दूध शंभर डिग्रीच्या आसपासच राहतं, तापतं ते बूड. दुधातली प्रथिनं सत्तरच्या पुढे गेली की बदलायला लागतात आणि गरम धातूला चिकटतात, सोबत दुधातलं कॅल्शियमही बसतं, मग त्या थरामुळे उष्णता वर जाईनाशी होते आणि थर स्वतःच तपकिरी होत जातो. त्यालाच आपण दूध लागलं म्हणतो. काळं होणं फार नंतरचं. वास मात्र तपकिरी असतानाच सगळ्या दुधात उतरतो.

तांदूळ आम्ही आंबेमोहोर घेतो, वीस लिटरला साधारण एक किलो, धुऊन, सुकवून, तुपावर परतून जाडसर भरडतो. ते दूध आटल्यावरच पडतात. आधी घातले की कणी तळाशी बसते, तिचं पीठ सुटतं आणि मग हात दुखेपर्यंत ढवळलं तरी बूड धरतं. साखर अगदी शेवटी, कणी बोटात दाबून मऊ लागली की मगच, कारण गोड दुधात तांदूळ लवकर शिजत नाही. हा क्रम आमच्याकडे कुणी मोडत नाही, म्हणून त्या दिवसाचं जास्तच खटकलं.

पहाटे गवळ्याकडून दोन कॅन आले, वीस-वीस लिटरचे, म्हशीचं दूध. पहिला कॅन मोठ्या जाड बुडाच्या पातेल्यात ओतला, पातेलं आधी पाण्याने विसळून घेतलेलं, खाली लोखंडी पत्रा ठेवलेला म्हणजे ज्वाला एका जागी लागत नाही. सराटा दिला आमच्या नव्या पोराला. पोरगं शांत आहे, सांगितलं तेवढं करतं, आणि खरं सांगायचं तर जुन्या लोकांपेक्षा जास्त मन लावून ढवळतं कारण त्याला अजून कंटाळा यायला शिकवलेलं नाही.

मी वड्याचं पीठ बघत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, ताई, सराटा अडकतोय. गेले, सराटा हातात घेतला. नीट असेल तर तो बुडावर सरसर सरकतो, लागायला लागलं की खालून खरखर जाणवते, आणि ते कळायला डोळे लागत नाहीत, मनगटाला कळतं. वर दुधात बारीक फिकट तपकिरी पापुद्रे फिरत होते. आच तर मंदच होती, मीच लावलेली.

अशा वेळी लोक जे करतात तेच आमचे मोठे आचारी करायला धावले, जोरात खरवडायला. मी आधी गॅस बंद केला. खरवडलं की तळातलं सगळं वर येतं आणि मग ते दूध कुणाच्या बापाला वाचवता येत नाही. न हलवता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात ओतायचं, शेवटचं तीन-चार लिटर खालीच सोडायचं, वरचं मलमलमधून गाळायचं आणि चमचाभर बशीत कोमट करून चाखायचं. वेलची-जायफळाने हा वास झाकतो म्हणणाऱ्यांनी तशी खीर एकदा थंड करून खाऊन बघावी. चाखलं तर वास होता, फार नाही, पण होता. आचारी म्हणाले, खव्यासारखं लागतंय, लोकांना आवडेल. श्राद्धाच्या ताटात अशी खीर द्यायला माझं मन होईना. दूध बाजूला काढलं.

वेळ कमी, बारानंतर ताटं वाढतात. दुसरा कॅन दोन भागांत केला, दहा लिटर घासलेल्या त्याच पातेल्यात त्याच शेगडीवर, दहा लिटर पसरट कढईत शेजारच्या शेगडीवर. पसरट भांड्यात वाफ निघायला जागा जास्त मिळते, आणि दूधही निम्मं, त्यामुळे आटायचा वेळ पाऊण-एक तासावर आला. ढवळायला तेच पोरगं त्याच पातेल्यावर. आणि लागलं नाही. खाली नुसता पांढरा पातळ थर, ओल्या फडक्याने निघाला.

आचाऱ्यांनी तोवर निकाल लावून टाकला होता, पोराचं लक्ष मोबाइलमध्ये होतं म्हणे. त्याचा मोबाइल पिशवीत असतो, मी बघते रोज. पण आपल्याकडे काही बिघडलं की सगळ्यात लहान माणूस शोधायचा हा नियमच आहे.

मी रिकाम्या पातेल्याचं बूड नीट बघितलं होतं. लक्ष नसताना लागलेलं दूध ठिपक्यासारखं लागतं, जिथे सराटा पोचत नाही तिथे, बहुतेक मधोमध नाहीतर कोपऱ्याच्या वळणात. इथे कडेपासून कडेपर्यंत एकसारखा तपकिरी थर होता. म्हणजे हाताचं नाही, दुधाचंच काहीतरी. माझा संशय कॅनवर आहे. एक कॅन आदल्या संध्याकाळचा असणार, रात्रभर बाहेर राहिलेला, सप्टेंबर-ऑक्टोबरची उष्णता माहितीये ना. असं दूध थोडं आंबटपणाकडे झुकलेलं असतं, फाटत नाही, चहा होतो, चवीलाही पटकन कळत नाही, पण प्रथिनं लवकर बसतात आणि बूड भराभर धरतं. गवळ्याला विचारलं तर तो चिडला, दोन्ही पहाटेचेच म्हणाला.

आता गंमत अशी की माझाही पुरावा पक्का नाही. दुसऱ्या वेळी दूध निम्मं होतं, वेळ कमी लागला, आणि मीही आसपास घुटमळत होते, त्यामुळे आच मी दोनदा तरी आणखी खाली केली असेल. दोन्ही कॅन एकाच शेगडीवर, सारखं माप, सारखी आच लावून करून बघितलं असतं तर कळलं असतं, पण सर्वपित्रीला असले प्रयोग कोण करणार.

आता दोन कॅन आले की मिसळत नाही. प्रत्येकातलं वाटीभर दूध छोट्या भांड्यात उकळून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवते आणि भांडं उलटं करून बूड बघते. पापुद्रा जास्त धरला तर ते दूध कढीच्या दह्याला, आटवायला नाही. गवळ्याला हे आवडत नाही, म्हणतो इतकी वर्षं कुणी भांडी उलटी करून बघितली नाहीत. आचारी अजून पोराला खिरीपाशी उभं राहू देत नाहीत, आणि सकाळी पातेलं चढलं की मी त्यालाच हाक मारते, यावरून आमची रोज थोडी थोडी वाजते.