सर म्हणाले, ‘साइन चुकलंय’

कड्यावरून फेकलेला एक चेंडू जमिनीवर आणायला मला चार दिवस लागले. उत्तरात त्याला लागतात चार सेकंद.

अकरावीतली गोष्ट. क्लासच्या सरावपुस्तिकेत गणित होतं: ४० मीटर उंच कड्याच्या टोकावरून एक चेंडू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून वरच्या दिशेने, २० मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकला. तो पायथ्यापासून किती लांब पडेल? g बरोबर १० धरा. मागच्या पानावर नुसतं उत्तर, ६९.३ मीटर. रीत नाही, पायरी नाही. माझं येत होतं ३४.६. नेमकं निम्मं, म्हणून जास्त चीड. कुठेतरी एक २ राहिलाय असं समजून मी तीन वेळा आकडेमोड तपासली.

वेगाचे तुकडे पाडण्यात काहीच अडचण नव्हती. आडवा घटक २० गुणिले cos 30°, म्हणजे १७.३. उभा घटक २० गुणिले sin 30°, म्हणजे १०. आडव्या दिशेने चेंडूला कुणी ओढत नाही, त्यामुळे १७.३ शेवटपर्यंत १७.३च राहतो. उभ्या दिशेने गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला १० काढून घेतं. दोन्ही गती एकमेकींकडे ढुंकूनही बघत नाहीत, दोघींत सामाईक फक्त वेळ. म्हणून उभ्या गतीतून वेळ काढायचा आणि आडव्या गतीत घालायचा. हे सगळं मला येत होतं, आणि तरी अडलो.

मी उभ्या गतीचं समीकरण असं मांडलं होतं:

40 = 10t + 5t²

माझा विचार सरळ होता. कडा खाली, गुरुत्वाकर्षण खाली, चेंडूही शेवटी खालीच जाणार, मग सगळं अधिक. वेळ आला २ सेकंद. १७.३ गुणिले २, म्हणजे ३४.६. खात्री करायला पल्ल्याचं पाठ केलेलं सूत्र लावलं, u² sin 2θ / g. त्यातूनही ३४.६! दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यावर माणूस पुस्तिकेलाच चूक म्हणणार. मी म्हटलंही. पेनने तसं लिहूनही ठेवलं.

सरांना वही दाखवली. त्यांनी उभ्याउभ्या नजर टाकली, ‘साइन चुकलंय तुझं’ म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे गेले. मी घरी येऊन sin 30° तपासलं. अर्धा. लॉगच्या पुस्तकात बघितलं, अर्धाच. कोन उभ्या रेषेशी दिला असेल आणि मी sin-cos ची अदलाबदल करायला हवी असेल, म्हणून प्रश्न पुन्हा वाचला (ती शंका नेहमी घ्यावी, काही गणितांत कोन खरोखरच उभ्या रेषेशी देतात). इथे तसं नव्हतं. यात दोन दिवस गेले. सर चिन्हाबद्दल बोलत होते, मी त्रिकोणमितीत शोधत होतो. ‘चिन्ह’ हा चांगला दोन अक्षरी शब्द असताना तो का वापरत नाहीत, हा राग अजून गेलेला नाही.

सुटका ताईने केली. तिने वही न बघताच विचारलं, ‘अरे, चेंडू फेकलाच नाही, नुसता हातातून सोडला, तर खाली जायला किती वेळ?’ 40 = 5t², म्हणजे सुमारे २.८ सेकंद. ‘आणि तुझा वर फेकलेला चेंडू दोन सेकंदांत पोचला?’

मी गप्प. वर फेकलेला चेंडू आधी चढणार, मग उतरणार, मग सोडलेल्या चेंडूच्या आधी तो पोचेल कसा? तेव्हापासून कड्याचं कुठलंही गणित आलं की मी आधी नुसत्या सोडलेल्या चेंडूचा वेळ काढतो. वर फेकलं असेल तर उत्तर त्याहून मोठं, खाली फेकलं असेल तर लहान, आडवं फेकलं तर तेवढंच.

माझ्या समीकरणात वरचा १० आणि खालचं त्वरण या दोघांनाही अधिक चिन्ह होतं. म्हणजे मी चेंडू ३० अंश वर नाही, ३० अंश खाली फेकला होता. वरची दिशा धन ठरवली की वेग अधिक १०, त्वरण वजा १० आणि विस्थापन वजा ४०, कारण चेंडू निघाला तिथून ४० मीटर खाली संपतो.

-40 = 10t - 5t²

म्हणजे t² - 2t - 8 = 0. उत्तरं ४ आणि वजा २. चार सेकंद गुणिले १७.३२, ६९.३ मीटर. वजा २ लाही अर्थ आहे: हाच चेंडू खालच्या जमिनीवरून याच वक्रावर आला असता, तर कड्याच्या टोकापाशी येण्याआधी २ सेकंद तो जमिनीवर असता. माझ्या चुकीच्या समीकरणाने तोच २ वजा पुसून हातात दिला होता.

आणि पल्ल्याचं सूत्र? ते चेंडू जिथून निघाला त्याच पातळीवर परत येईपर्यंतचं अंतर देतं. माझा चेंडू २ सेकंदांनी कड्याच्या उंचीवर परत आला, ३४.६ मीटर पुढे, पण तिथे जमीन कुठे होती? खाली ४० मीटर पोकळी. तिथून तो १० च्याच वेगाने खाली निघतो आणि योगायोगाने आणखी दोनच सेकंद घेतो. म्हणून माझी दोन्ही चुकीची उत्तरं जुळली. कडा ७५ मीटरचा केला की गंमत फुटते: पल्ल्याचं सूत्र तेच ३४.६ देतं, चुकीच्या चिन्हाने ३ सेकंद आणि ५२ मीटर येतात, बरोबर उत्तर ५ सेकंद आणि ८६.६ मीटर. गणित रचणाऱ्याने सोपे आकडे निवडताना नेमका ४० निवडला होता.

ऊर्जेवरून पडताळणी करून इथे काहीही हाती लागत नाही, हे राहिलंच सांगायचं. जमिनीवर आदळतानाचा वेग v² = u² + 2gh वरून ३४.६ मीटर प्रतिसेकंद येतो (पुन्हा तोच आकडा, फक्त एकक वेगळं), आणि चेंडू वर फेका की खाली, तो तेवढाच. चिन्हाची चूक त्यात दिसणारच नाही.

आता भाचा अकरावीत आहे. परवा त्याचा फोन, ‘मामा, वर्गमुळात ऋण संख्या येतेय.’ त्याने लिहिलं होतं 40 = 10t - 5t². मला बरं वाटलं. त्याचं समीकरण विचारत होतं की चेंडू कड्याच्या ४० मीटर वर कधी पोचतो, आणि हा चेंडू जेमतेम ५ मीटर चढतो, म्हणून उत्तरच नाही. त्याची चूक ओरडून सांगत होती, माझी गुपचूप बसली होती. त्याने लगेच विचारलं, ४५ अंशांत जास्त लांब जाईल ना? कड्यावरून नाही. या आकड्यांना ४५ अंशांत ६४.७ मीटरच मिळतात, ३० अंशच सर्वांत लांब नेतो. आणि खऱ्या क्रिकेटच्या चेंडूला हवा इतकी अडवते की तो ६९ पर्यंत पोचणार नाही. हवेचा रोध एकूण वेगावर ठरतो, त्यामुळे आडवा आणि उभा हे हिशेब तिथे वेगळे राहत नाहीत.

पुस्तिका अजून कपाटात आहे. त्या गणिताशेजारी निळ्या शाईत लिहिलंय, ‘उत्तर छापताना चुकले आहे.’ खाली दोन रेघाही मारल्या आहेत.