चॉकच्या रेषेपासून चार बोटं

कळमन्याकडच्या एका धान्याच्या गोदामात मे महिन्यात काँक्रीटचा कोबा घालत होतो. त्यातली एक पट्टी अजून डोक्यातून जात नाही.

पट्टी 21 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, जाडी 125 मिलिमीटर. दर साडेतीन मीटरवर जॉइंट कापायचा, म्हणजे चौकोन बरोबर पडतात. कटर साधारण 30 मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या चौथाईपर्यंत तरी, खाली गेला पाहिजे. काँक्रीट आकसणारच. काप मारला की ते तिथेच फाटतं आणि भेग कापाच्या पोटात दडते.

सकाळी सहाला मागच्या भिंतीपासून सुरुवात केली, बाराला दाराच्या शटरपाशी संपवलं. लेव्हल ट्यूबने लावलेली, फळी बरोबर फिरलेली. वर आलेलं पाणी उडायच्या आत मिस्त्री कोरडं सिमेंट फेकायला निघाला, त्याला अडवलं. त्याने घुटाई पटकन होते खरी, पण वरचा पापुद्रा कच्चा राहतो आणि वर्षभरात पांढरी धूळ सुटते. आमच्याकडे निम्मे मिस्त्री हेच करतात आणि मालक चकाकी पाहून खूश होतात. पाणी उडाल्यावर चौरस मीटरला साधारण दोन किलो सिमेंटची स्लरी देऊन गुरमाळ्याने घोटून घेतलं. कोबा आरशासारखा झाला.

पाच वाजता कटर लावून पाहिला. काठ तुटत होते, गिट्टी उपटून येत होती. म्हटलं, अजून ओलं आहे, सकाळी कापू. ओलं पोतं आणि वर प्लास्टिक टाकून घरी गेलो.

सकाळी प्लास्टिक उचललं तर कापासाठी चॉकने मारलेल्या रेषांपैकी मागून दुसरीच्या शेजारी, चार बोटांवर, केसाएवढी भेग आरपार गेलेली.

"रात्रीच फाटली असन जी," मिस्त्री म्हणाला.

मी चाचणी शटरपाशी घेतली होती, कारण मी तिथे उभा होतो. तिथलं काँक्रीट पाच तासांचं होतं. मागचं अकरा तासांचं, दुपारीच कापण्याजोगं झालेलं. एकाच पट्टीला दोन वयं असतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री थंड होऊन आकसलं आणि त्याला काप मिळाला नाही.

कटरवाला विचारत होता, "भाऊ, रेषेवर मारू का?" मी त्याला थांबवलं. तिथे कापलं असतं तर काप आणि भेग यांच्यात चार बोटांची चिपटी उरली असती आणि हातगाडीच्या चाकाखाली तुकडे झाले असते. ती एक रेष सोडून बाकीच्या चार कापल्या. भेगेचं तोंड नंतर मोठं करून इपॉक्सी भरलं.

मालक म्हणाले, "नवा कोबा अन् भेग?" मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. घुटाई इतकी गुळगुळीत झाली होती की भेग शटरमधूनच दिसत होती.